तळहाताचा रुसवा

सोसायटीच्या ग्रुपवर भांडण रंगलं. पुरावा हवा म्हणून बदलापूर लोकलमध्ये सॅमसंगच्या स्क्रीनवर तळहाताची कड आडवी फिरवली. स्क्रीनशॉट नाहीच, शेजारच्या काकांच्या पोटाला मात्र कोपर लागलं. काल तर चालत होतं! अंबरनाथला सेटिंग तपासली, Palm swipe to capture चालूच. उल्हासनगरला उतरून नवी काच बसवली, तरी तेच. घरी मुलगी म्हणाली, “बाबा, कीबोर्ड उघडा आहे. तो दिसत असेपर्यंत तळहात चालत नाही.” कीबोर्ड मिटला, हात फिरवला, स्क्रीनशॉट आला. थोडक्यात, उत्तर टाइप करायचं थांबवल्याशिवाय पुरावा मिळत नाही. फोन आमच्यापेक्षा शहाणा. तोवर समोरच्याने मेसेज डिलीट केला होता. घाई असेल तर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबा. त्यांना कीबोर्डचं वावडं नाही.