एकछिन

कोल्हापूरकडे ज्याचं अर्धं आयुष्य वडापात गेलं, त्याला शेअर जीप कुणी शिकवू नये, अशा ऐटीत मी बायकोला घेऊन गंगटोकला पेलिंगची गाडी शोधायला निघालो. आणि थेट देवरालीच्या स्टँडवर जाऊन उभा राहिलो. चुकीच्या.

गावाला एक स्टँड असतो ही आमची समजूत. गंगटोक डोंगराच्या उतारावर पसरलंय आणि तिथे दिशेप्रमाणे स्टँड बदलतो. देवरालीहून गाड्या खाली बंगालकडे, म्हणजे सिलिगुडी, दार्जिलिंगला सुटतात. उत्तर सिक्कीमच्या गाड्या वज्र स्टँडवरून, आणि पेलिंगसारख्या पश्चिमेच्या गावांच्या वरच्या तिसऱ्याच स्टँडवरून. म्हणजे बॅगांसकट पुन्हा वर.

वडापात आतली जागा संपली की मग भरायला सुरुवात होते. इथे मात्र तिकीट खिडकीत दहा चौकोनांचा कागद: ड्रायव्हरशेजारी दोन, मधे चार, मागे चार. नाव लिहिलं की तो चौकोन तुमचा. आम्ही साडेदहाला पोचलो तेव्हा सात भरले होते. उरलेल्यांपैकी एक पुढचा, जिथे गिअर आपल्या गुडघ्यांशी वाटाघाटी करतो. दोन अगदी मागचे, चाकाच्या उंचवट्यावर. तिथे घाटातलं प्रत्येक वळण थेट पोटात उतरतं. जाणकार लोक आदल्या दिवशी येऊन मधली खिडकी धरतात. आम्ही जोडीने मागे बसलो.

"गाडी कधी सुटणार, दाइ?"

"एकछिन," ड्रायव्हर म्हणाला. नेपाळीत याचा अर्थ एक क्षण. अकरा वाजले. एकछिन. साडेअकरा. एकछिन. मग मी घड्याळ सोडून टपाकडे बघायला शिकलो. बॅगांवर ताडपत्री आवळली गेली नाही, म्हणजे गाडी हलत नाही. ड्रायव्हर नुसता आत बसला तरी हुरळू नये. तो गाणं बदलायला आलेला असतो.

दहावा माणूस काही येईना. शेवटी बायको उठली, खिडकीशी गेली आणि तो चौकोन आमच्या पिशवीच्या नावावर विकत घेतला. पाच मिनिटांत ताडपत्री बांधली, गाडी सुटली. तासभराचा एकछिन एका तिकिटात संपला! पिशवी पुढे, ड्रायव्हरशेजारी, ऐटीत बसली.

शहराबाहेरच्या दुसऱ्या वळणावर एक आजीबाई हात करून उभ्या होत्या, सोबत भाजीची करंडी. ड्रायव्हरने आरशातून आमच्याकडे पाहिलं. जागा आमची होती ना!

"पिशवी मागं द्या," बायको म्हणाली, आणि काचेतून हात बाहेर काढून पक्क्या कोल्हापुरी सुरात ओरडली, "या आजी, या, बसा! एकच शिट!"

करंडी माझ्या मांडीवर आली.