अवाढव्य पीआर कसा कापावा: नवशिक्यांसाठी

पीआर उघडा. शीर्षक असेल ‘लॉगिनची छोटी दुरुस्ती’ आणि खाली आकडा: 63 फाइली, 6,200 ओळींचा बदल. ‘छोटी’ या शब्दावर वाद घालू नका. लेखकाने ब्रँच काढली तेव्हा काम छोटंच होतं.

आता थोडं स्क्रोल करून ‘एलजीटीएम’ लिहून मोकळं व्हावंसं वाटेल. अनुभवी मंडळी त्याआधी एखाद्या व्हेरिएबलच्या नावावर हरकत घेतात, म्हणजे सगळं वाचल्यासारखं दिसतं. तुम्ही नवशिके आहात, तुम्हाला अजून खरंच वाचावं लागेल. त्यासाठी आधी हे चालवा:

```
git diff --stat main...login-fix
git diff -w --stat main...login-fix
```

पहिली कमांड कुठल्या फाइलीत किती बदल आहे ते सांगते. दुसरी तेच सांगते, पण नुसत्या स्पेसचे फरक सोडून. आपल्या उदाहरणात समजा असं निघालं: `package-lock.json` मध्ये 3,400 ओळी, फॉरमॅटर फिरवलेल्या 52 फाइलींत 2,500 आणि उरलेल्या 10 फाइलींत 300. म्हणजे वाचायचं ते एवढंच, बाकी सगळी सूज. (फॉरमॅटरने लांब ओळी मोडल्या असतील तर `-w` ला ते कळत नाही. तिथे डोळेच लागतात.)

लॉक फाइलही नुसती सोडून देऊ नका, वरच्या चार-पाच ओळी बघा. `lockfileVersion` 1 चं 2 झालं असेल तर लेखकाने नवं पॅकेज वगैरे काही आणलेलं नसेलही. त्याच्या मशीनवर फक्त एनपीएम नवीन असेल. तो बदल लॉगिनच्या पोटात शिरायचं कारण नाही.

एवढं करून नुसता आकडा बघून ‘तोड’ म्हणू नका. एकाच फंक्शनचं नाव 60 फाइलींत बदललंय, दुसरं काही नाही, असा पीआर लांब असला तरी एका बैठकीत वाचून होतो. तो तोडला तर मधल्या तुकड्यावर बिल्डच मोडेल. विचारायचं ते हे: उद्या यातलं एकच काहीतरी मागे घ्यायची वेळ आली तर ते एकटं मागे घेता येईल का?

हाच प्रश्न त्या 300 ओळींना विचारा. त्यात 260 ओळी लॉगिनच्या आणि 40 मायग्रेशनच्या. मायग्रेशनमध्ये शांतपणे बसलेली ही ओळ:

```sql
ALTER TABLE users DROP COLUMN session_token;
```

डिप्लॉय होताना काही मिनिटं जुना कोड आणि नवा कोड दोन्ही चालू असतात. जुना कोड तो कॉलम मागणार, कॉलम गेलेला असणार, आणि तेवढा वेळ लोकांची लॉगिनं पडणार. मग कुणीतरी घाईने `git revert` करणार. कोड परत येईल, कॉलममधला डेटा येणार नाही. म्हणून आधी कॉलम वापरणं थांबवणारा कोड जाऊ द्यायचा, तो सगळीकडे पोचला की वेगळ्या पीआरमध्ये कॉलम काढायचा. फॉरमॅटिंगसाठी भांडण सोडता येईल, यासाठी नाही.

आता विचारायचं कसं. ‘खूप मोठा आहे, प्लीज स्प्लिट कर’ असं लिहून पाणी प्यायला जाणं ही सर्वमान्य पद्धत. लेखक मनातल्या मनात तुमचा उद्धार करतो, कारण कुठे कापायचं ते तुम्ही सांगितलेलं नसतं आणि एका रिव्ह्यूऐवजी आता तीन रिव्ह्यूंची वाट बघायची असते. चाळीस कमेंट टाकून झाल्यावर हेच सांगणं म्हणजे तर वैरच. बारकाईने वाचायला घेण्याआधी, त्याच दिवशी, असं लिहा:

‘लॉगिनचा भाग बघतोय, दिशा पटली. तीन तुकडे करूया का? फॉरमॅटिंगचा आधी पाठव, लगेच मर्ज करतो. मग लॉगिन. कॉलम काढणं डिप्लॉयनंतर, कारण जुने सर्व्हर तो अजून वाचतात. लॉक फाइल मुद्दाम बदललीस का? तोडायला बसायचं असेल तर चारनंतर मी मोकळा आहे.’

‘लगेच’ लिहिलंत तर लगेचच करा, नाहीतर पुढचा पीआर 9,000 ओळींचा येईल.

तोडायला बसलात तर फॉरमॅटिंगचे बदल निवडून काढत बसू नका. `main` वरून नवी ब्रँच काढा, त्याच 52 फाइलींवर फॉरमॅटर पुन्हा फिरवा, झालं. ते मर्ज झालं की `main` लॉगिनच्या ब्रँचमध्ये घ्या. दोन्हीकडे एकच फॉरमॅटर असेल तर सूज आपोआप उतरते. मधे कुणी त्याच फाइलींत हात घातला असेल तर मात्र कॉन्फ्लिक्ट येतील.

‘अरे, उद्या रिलीज आहे’ असं उत्तर येण्याची शक्यता दांडगी आहे. मग फक्त मायग्रेशन बाहेर काढायला लावा आणि लेखकाला शेजारी बसवून त्या 260 ओळी त्याच्याच तोंडून ऐका. निम्म्या वाटेवर तो स्वतःच म्हणेल, ‘थांब, हे चुकलंय.’