गजरा कुठे गेला?

मावसबहिणीच्या हळदीला मी पोर्ट्रेट मोडवर तिचा फोटो काढला. मागची बोगनवेल लोण्यासारखी विरघळली, सोबत बहिणीच्या कुरळ्या बटाही. अर्धा गजरा फोनने झुडपात जमा केला. उरलेल्या केसांभोवती हिरवट वलय आलं. नवरी बोहल्याआधीच संतपदाला पोचली!

ही धूसरता भिंगाची नव्हे, हिशोबाची. जवळ कोण, लांब कोण याचा नकाशा फोन बनवतो, पण तो फोटोपेक्षा बराच ढोबळ असतो. केसाएवढ्या बारीक वस्तूला त्यात जागाच नाही. मग बट बाईची की झाडाची, हे तो अंदाजाने ठरवतो. सिनेमॅटिक व्हिडिओत हा निवाडा फ्रेमगणिक बदलू शकतो, म्हणून वारा सुटला की केसांच्या कडा चुळबुळतात.

"आणि माझा गजरा?" बहीण म्हणाली. एडिटमध्ये जाऊन f/2.8 चं f/8 केलं. आकडा वाढला तशी धूसरता उतरली, वलय फिकं पडलं, गजऱ्याची फुलंही थोडी परतली. पुढचा फोटो चुन्याच्या साध्या भिंतीसमोर, केस बांधून. गजरा अख्खा आला. बहिणीला तो फोटो आवडला नाही, कारण मागे बोगनवेल नव्हती.