उन्हाने भाजलेल्या नवऱ्याची निगा

प्रथम रुग्णाची ओळख. रुग्ण मूळचा मालवणचा, पण तीस वर्षं डोंबिवलीत. "कोकणातल्या माणसाला ऊन लागत नाही," हा त्याचा सिद्धांत, आणि "त्यात मी काळासावळा," हे त्याला जोडलेलं पोटकलम. जानेवारीत सिंधुदुर्ग किल्ल्यावर अकरा ते दोन तटावर बोडक्याने फिरताना त्याने हे दोन्ही मला ऐकवलं. वारा गार होता, त्यामुळे भाजतंय हे कळलं नाही. वारा घाम सुकवतो, किरणं अडवत नाही. आणि सावळी कातडीसुद्धा भाजते, फक्त लाली पटकन दिसत नाही. म्हणून बघण्यापेक्षा हात लावून पाहावं. संध्याकाळी मी लावला, तर कपाळ तव्यासारखं. गॉगलच्या जागी दोन फिकट वाटोळे तेवढे शाबूत.

नियम पहिला: पहिल्या संध्याकाळच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवू नये. उन्हाचा दाह चार-पाच तासांनी दिसू लागतो आणि बारा ते चोवीस तासांत शिगेला पोचतो. "एवढंच ना?" म्हणून झोपलेला माणूस सकाळी सुजलेल्या पापण्यांनी उठतो. आमचा उठला.

नियम दुसरा: गार पाणी. बर्फ नव्हे. भाजलेल्या कातडीवर थेट बर्फ घासला की थंडीनेही इजा होते, म्हणजे एका जखमेवर दुसरी मोफत. जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा साध्या गार पाण्यात बुडवून, पिळून, चेहऱ्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा आणि गरम झाला की परत बुडवायचा. दिवसातून चार-पाच वेळा. मग चेहरा पुसायचा नाही, नुसता टिपायचा, आणि थोडा ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर किंवा कोरफडीची जेल लावायची. जेलमध्ये अल्कोहोल आणि अत्तर नको. दुकानातली हिरवीगार, घमघमणारी बाटली बहुधा याच कारणाने चुरचुरते. पाणी भरपूर प्यायचं. दुखत असेल तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेनही चालतं, पण जेवल्यावर, आणि पोटात अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून. आमच्याकडे अॅसिडिटीचं संस्थान असल्याने तो विषय तिथेच मिटला.

नियम तिसरा: नणंदबाईंचा फोन घ्यावा, पण सल्ला घेऊ नये. हा नियम मोठा आहे, कारण फोनही मोठा होता.

"लिंबू चोळ गं, काळपटपणा जातो." लिंबाच्या रसात असं द्रव्य असतं की तो कातडीवर राहिला आणि वर ऊन पडलं तर फोड येतात आणि महिनोन् महिने न जाणारे काळे डाग पडतात. म्हणजे काळपटपणा जाणं राहिलं, येण्याचीच सोय. "मग टूथपेस्ट?" ती दातांसाठी. तिच्यातल्या पुदिन्याने गार वाटतं, पण कातडी आणखी चिडते. "तूप तरी?" पहिल्या दिवशी चेहरा तापलेला असताना तूप, तेल, व्हॅसलीन यांचा जाड थर दिला की उष्णता आतच कोंडते. बेसन-हळद घासून लावणं म्हणजे भाजलेल्यावर पॉलिश पेपर.

शेवटी ती म्हणाली, "कपाटात गजकर्णाची ट्यूब असेल ना? तिने आमच्या ह्यांचं सगळं जातं." ही मात्र गंमत नाही. अशा पुष्कळ ट्यूबांत जोरदार स्टेरॉइड असतं. दोन दिवस लाली दबते, मग सवय लागते, चेहऱ्याची कातडी पातळ होते, आणि ट्यूब सोडली की आधीपेक्षा जास्त लाल होते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती चेहऱ्यावर लावायची नाही. मी ट्यूब कपाटातून काढून बाथरूमच्या वरच्या फळीवर ठेवली, कारण ह्यांचा हात कपाटाकडे आपोआप जातो.

नियम चौथा: दाढी नको.

नियम पाचवा: सोलू नये. चौथ्या दिवशी नाकाच्या शेंड्यावर पापुद्रा उचलला, आणि रुग्ण आरशासमोर खुर्ची घेऊन बसला. शेवयांसारखे बारीक तुकडे ओढणं सुरू. खालची कातडी तयार होण्याआधी पापुद्रा ओढला तर ती उघडी, ओली राहते. लोंबणारं टोक हवं तर कात्रीने कापावं. फोड आले तर फोडू नयेत. चेहऱ्यावर पुष्कळ फोड, ताप-थंडी, उलट्या, डोळे दुखणं, सूज वाढत जाणं यांपैकी काही झालं तर ओढणी बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. आमच्याकडे सुदैवाने प्रकरण नाकापुरतंच होतं.

नवी कातडी उन्हाला फार लवकर बळी पडते, म्हणून पुढचे काही आठवडे टोपी. रविवारी दूध आणायला हे माझी, फुलाफुलांची, घालून गेले. परत आले तेव्हा नणंदबाईंचा फोन वाजत होता. "लिंबू लावलंस का रे?"

"लावलं की," हे म्हणाले, आणि उरलेली फोड पोह्यांवर पिळली.