बेवारस बकेटचा महिमा

अ‍ॅमेझॉनच्या S3 वर नवी बकेट उघडताना नावाचा फार विचार करू नये. `test-new-2-final` हे उत्तम नाव आहे. त्यात टीम नाही, प्रकल्प नाही, प्रॉडक्शन की टेस्टिंग हेही नाही. म्हणजे पुढे यातलं काही चुकीचं ठरण्याची भीतीच नाही. शिवाय बकेटचं नाव नंतर बदलता येत नाही. बदलायचं तर नवी बकेट करून सगळा डेटा हलवावा लागतो. त्यामुळे घाईत सुचलेलं नाव आपोआप चिरंजीव होतं. `payments-prod-invoices` असं नाव ठेवणाऱ्यांच्या नशिबी हे भाग्य नाही. त्यांची बकेट नवखासुद्धा ओळखतो.

टॅग लावायचेच असतील, तर प्रत्येकाने मनासारखे लावावेत. एकाने `Owner` लिहावं, दुसऱ्याने `owner`, तिसऱ्याने `OWNER`. टॅगमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मानला जातो, म्हणून हे तीन वेगळे टॅग होतात आणि एकाच टीमचा खर्च तीन ठिकाणी सुखाने विसावतो. मालकाच्या जागी टीमचं नाव न घालता माणसाचं घालावं. माणूस नोकरी सोडून जातो, टॅग मात्र निष्ठेने त्याची वाट पाहत राहतो.

नंतर एखादा टॅग वाढवायचा झाला, तर `put-bucket-tagging` चालवावी आणि तिला फक्त नवा टॅग द्यावा. ही कमांड जुन्या संचात भर घालत नाही, जुना संच काढून नवा ठेवते. इतकी स्वच्छता हाताने साधत नाही.

एवढं करूनही कुणी नेटके टॅग लावलेच, तरी घाबरू नये. बिलिंगमध्ये जाऊन ते टॅग खर्चाच्या वाटणीसाठी चालू केल्याशिवाय खर्चाच्या अहवालात ते दिसतच नाहीत. तिकडे फिरकूच नये.

आता फळ पाहा. आपल्या बकेटमध्ये 10,000 जीबी डेटा आहे आणि दर जीबीला महिना 0.025 डॉलर असा दर धरू. महिन्याला 250 डॉलर, वर्षाला 3,000. अहवालात ही रक्कम ‘टॅग नाही’ या रांगेत दिसते. बैठकीत कुणीतरी विचारतं, ‘‘काढून टाकायची का?’’ लगेच दुसरा म्हणतो, ‘‘पण कुणाची असली तर?’’ बकेटमध्ये कोण वाचतं-लिहितं हे अ‍ॅक्सेस लॉगवरून कळलं असतं. पण तेही आपणहून चालू करावे लागतात आणि तसे ते कुणी केलेले नाहीत. साहजिकच सर्वानुमते बकेट राहते.

तीन महिन्यांनी तिच्यात 11,000 जीबी असतात. म्हणजे कुणीतरी तिच्यात अजून भर घालतंय. बिल भरणाऱ्याला दात्याचं नाव कळू नये, गुप्तदान म्हणतात ते हेच.