बारसंकाका

प्रत्येक सोसायटीत एक बारसंकाका असतात. कुणाच्या घरी बाळ झालं की पेढ्यांआधी यांची यादी पोचते. पण हल्लीचे आईबाप नावं मोबाइलवर शोधतात, त्यामुळे काकांची हौस तुंबून राहिली होती. अशात मीटररूममधल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मनी व्याली. पिल्लं पाच!

"पाच!" काका थरारले. काका पेटी वाजवतात. "म्हणजे भूप! सा, रे, ग, प, ध. औडव जाती. आणि भूपात वर्ज्य स्वर कोणते? म आणि नी. म्हणजे आईच की हो!"

हे मात्र मानलं पाहिजे. इतकं बेतशीर बारसं माणसांच्या घरीसुद्धा होत नाही.

अडचण हाका मारताना सुरू झाली. सकाळी दुधाची वाटी घेऊन काका जिन्यात उभे राहत आणि ओळीने पुकारत, "सा! रे! ग! प!" खालच्या मजल्यावरच्या आजोबांना ऐकू येई, "सारे गप!" तीन दिवस त्यांनी ऐकून घेतलं, चौथ्या दिवशी रेडिओचा आवाज वाढवला. शिवाय 'रे' निघाली भाटी. तिला हाक मारायची म्हणजे "अगं रे". 'ग' निघाला बोका, म्हणजे "अरे ग". काकांच्या व्याकरणाला पडलेला हा पीळ पिल्लांना काय सुटणार? एकाक्षरी हाक कानावर पडून विरेपर्यंत कुणाची होती तेच कळायचं नाही. पाचही जणं यायची किंवा पाचही झोपून राहायची.

काका हरले नाहीत. त्यांनी वाचलं होतं की 2019 साली जपानमधल्या संशोधकांनी मांजरांना आधी तेवढ्याच लांबीचे चार शब्द ऐकवले, मग त्यांचं नाव. नावाला बऱ्याच मांजरांनी कान हलवले, मान वळवली. पण जिथे पुष्कळ मांजरं एकत्र राहतात अशा कॅफेतल्या मांजरांना आपलं नाव आणि शेजारणीचं नाव यातला फरक काही करता आला नाही. "म्हणजे एका खोक्यातली नावं एकमेकांपासून लांब हवीत," काका म्हणाले आणि तडक स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी मसाल्याचा डबा उघडला.

पहिली फेरी रंगावर झाली. नारिंगी ती हळद, काळी ती मिरी, आणि दोन करडी पिल्लं म्हणजे मोहरी नि मेथी. इथेही घोटाळा झाला. मिरी, मोहरी, मेथी तिन्ही 'म'वरची, वर आई मनी. एक हाक मारली की चौघी हजर. आणि नारिंगी मांजरांत बोकेच जास्त असतात, हे काकांना हळदीचा हळद्या झाल्यावर कळलं.

मग मात्र काका शहाण्यासारखे वागले. महिनाभर त्यांनी एकही नाव ठेवलं नाही. बारसंकाकांसाठी हा उपासच होता. खोक्याशेजारी स्टूल टाकून ते नुसते बघत बसले. रंग जन्मतःच दिसतो, पण स्वभाव कळायला पिल्लू बागडताना बघावं लागतं. दोन करड्यांतली एक नुसती झोपायची, दूध पितानासुद्धा पेंगायची. ती जायफळ झाली. दुसरी, राखाडी ठिपक्यांची, भिंतीला चिकटून बसे. उचलायला गेलं की शेवाळासारखी ओरबाडून काढावी लागे. ती दगडफूल. काळी नखांनी टोचायची, ती लवंग. नारिंगी हळद्या चिमूटभर होता, पण ज्या घरात शिरेल तिथे तो येऊन गेल्याचं दुसऱ्या दिवशीही कळे. तो हिंग. उरली तिरंगी. ती स्वतःच्या शेपटीमागे गोल फिरून धपकन पडायची आणि मीटररूममध्ये खसखस पिकायची. तिचं नाव वेगळं ठेवावंच लागलं नाही.

पाच नावं, पाच वेगळी आद्याक्षरं. दगडफूल हाकेला लांब पडतं म्हणून तिचं व्यवहारात दगडू झालं. हाकेला ज्याचं नाव तोच यायला लागला. जायफळ सोडून.

आता पिल्लं काकांच्या घरीच असतात. ती बघायला सोसायटीतली पोरंटोरं ये-जा करतात. परवा दुसऱ्या मजल्यावरची चिमुरडी दारात उभी होती. आत काकू बहिणीला फोनवर गोड्या मसाल्याची कृती सांगत होत्या. "लवंग तेलात तळून घे. हो, दगडफूलसुद्धा. खसखस मात्र कोरडीच भाज, करपू देऊ नकोस."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. कोपऱ्यात घोरत पडलेलं जायफळ तिने दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं.

"जायफळ?" काकू फोनवर म्हणाल्या. "छे गं, ते श्रीखंडात. किसून!"