तात्यांची पूर्ण सहमती

श्रीपुरात नोकरीचा कागद कुणाच्याही घरी येवो, तात्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या लावण्यात तात्यांची उभी हयात गेली. पाळीला कोण खरंच आलाय आणि कोणाचं कार्ड दुसऱ्यानेच पंच केलंय, हे त्यांना म्हणे नुसत्या चालण्यावरून कळायचं. त्यामुळे माणूस ओळखणं हा आपला विषय, याबद्दल त्यांना शंका नाही. इतरांनाही ती घेऊ देत नाहीत.

त्यांच्या काळी नोकरीला चिठ्ठी लागायची. आता कंपन्या मोबाइलवर लिंक पाठवतात. तात्यांच्या मते फरक एवढाच, की चिठ्ठी कुणाची ते माहीत असायचं.

त्यांच्या भाच्याला अशीच एक लिंक आली. पोरगा बी. कॉम., बोलायला कमी, हिशेबाला पक्का. एका फायनान्स कंपनीत जागा होती. चाचणीचे दोन भाग : पहिल्यात आकडे, तक्ते आणि तर्काचे प्रश्न, वेळ मोजून दिलेला, दुसऱ्यात स्वभावाची शंभरेक विधानं, प्रत्येकापुढे ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत पाच गोल. तात्यांनी खुर्ची ओढली आणि मार्गदर्शन केलं, “गणिताला घाई करू नको, येतील तेवढी सोडव. आन् स्वभावाच्या प्रश्नाला मात्र डोकं लाव. नीट इचार कर, कंपनीला काय पायजे.”

मी पुण्यात बरीच वर्षं अशाच चाचण्यांचे अहवाल वाचण्याची नोकरी केली. इतका नेमका उलटा सल्ला मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही. पहिल्या भागात उत्तर बरोबर किंवा चूक असतं, घड्याळ पळत असतं आणि आधी सराव करून जाण्यात लबाडी काहीच नसते. टक्केवारी आणि तक्ते सोडवून हात बसला की गुण वाढतातही. दुसऱ्या भागात बरोबर उत्तर असं काही नसतंच. तिथे घोकंपट्टी केली की कागदावर उमटतो तो घोकणारा.

पण तात्या सुटले होते. पहिलं विधान आलं, ‘मला कधीच कुणाचा हेवा वाटलेला नाही.’ तात्या म्हणाले, “पूर्ण सहमत.” ‘मी आयुष्यात एकदाही खोटं बोललेलो नाही.’ “पूर्ण सहमत!” ‘मी चिडून कधीच कुणाला टाकून बोललो नाही.’ हे तात्यांनी पोराच्या अंगावर ओरडूनच सांगितलं, “सहमत म्हन की लेका!”

ही विधानं स्वभाव मोजायला घातलेलीच नसतात. आपण स्वतःला किती रंगवून दाखवतोय, ते मोजायला घातलेली असतात. क्राउन आणि मार्लो या दोघा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये अशा ३३ विधानांची एक मापनपट्टी प्रसिद्ध केली. युक्ती साधी : ऐकायला सद्गुण वाटेल, पण हाडामांसाच्या माणसात जवळपास सापडणार नाही, अशी गोष्ट विचारायची. एखाददुसऱ्याला ‘हो’ म्हटलं तर कुणाचं काही बिघडत नाही. सगळ्यांनाच ‘हो’ आलं, की अहवालात शेरा पडतो : उत्तरं जपून वाचावीत.

या सापळ्याला मर्यादा आहेत. आमच्या भागात तुकोबांची पालखी अकलूजवरून जाते, घरोघरी माळकरी. त्यातल्या एखाद्याने खरोखरच कुणाला उणा शब्द काढलेला नसला, तर त्याच्या अहवालावरही तोच शेरा पडेल. म्हणून या आकड्यावरून माणसाला खोटारडा ठरवणं चूक. शहाणा परीक्षक तो बघून मुलाखतीत एक प्रश्न वाढवतो. आळशी परीक्षक अर्ज बाजूला टाकतो. दुसऱ्या जातीचे मी जास्त पाहिले.

पुढे तात्यांचा गाडा अडखळू लागला. बाराव्या, ‘मला सतत माणसांत राहायला आवडतं’ या विधानाला पूर्ण सहमती देऊन झाली होती. सत्तरीच्या आसपास ‘शांतपणे एकट्याने काम करताना मी खुलतो’ असं आलं. तात्यांना तोही गुणच वाटला. एकच गोष्ट उलटसुलट करून दोनदा विचारतात, ती यासाठीच. खरं सांगणाऱ्याला मागचं उत्तर आठवावं लागत नाही, हजेरीपट नंतर भरणाऱ्याला लागतं. हे टाइम ऑफिसातल्या माणसाला मी सांगायला नको होतं, पण सांगितलं. तात्या म्हणाले, “तू गप बस पोरी, लिंक संपंल.”

शेवटच्या पानावर मात्र पाच गोल गायब झाले. चार वाक्यं आली : मी काम वेळेत पूर्ण करतो, मी सहकाऱ्यांना मदत करतो, मी नव्या कल्पना सुचवतो, मी ताणातही शांत राहतो. यातलं तुम्हाला सर्वांत जास्त लागू पडणारं एक निवडा, सर्वांत कमी लागू पडणारं एक निवडा.

“चारी,” तात्या म्हणाले.

पोराने चारी दाबून पाहिली. पडदा एकापेक्षा जास्त घेईना.

“मग कमी लागू पडणारं कायबी टाकू नको.”

पडदा पुढे सरकेना. चारी वाक्यं मुद्दाम सारखीच गोजिरी ठेवलेली असतात, म्हणजे चांगलं दिसायचा रस्ताच बंद. तरीही कसलेला माणूस त्या नोकरीला शोभेल ते निवडू शकतो. कठीण जातं, अशक्य होत नाही. तात्या मात्र उठले. “ही सरळसरळ फसवणूक हाय,” म्हणाले आणि चहा टाकायला सांगून ओट्यावर जाऊन बसले. ते शेवटचं पान पोराने एकट्याने, पाच मिनिटांत भरलं.

एवढं करून या चाचण्यांना भविष्य किती कळतं? कामसूपणा हा गुण जवळपास सगळ्या कामांत उपयोगी पडतो, हे बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये ढीगभर अभ्यास एकत्र करून दाखवलं. पण संबंध बारीक आहे, ०.२ च्या आसपास. म्हणजे चाचणीत वरच्या अर्ध्यात आलेल्या शंभरांतले साधारण ५६ जण कामात सरासरीच्या वर निघतात आणि खालच्या अर्ध्यातले ४४. नाणं उडवण्यापेक्षा बरं, माणसाचा निकाल लावायला अपुरं. मायर्स-ब्रिग्ज नावाची चार अक्षरांची चाचणी तर नोकरभरतीसाठी वापरू नका, असं ती विकणारेच सांगतात. तरी ती अक्षरं मिरवणारे पुण्यात पुष्कळ भेटतात.

मुलाखतीला पोरगा गेला तेव्हा समोरच्या बाईंनी अहवाल उलटा ठेवून विचारलं, “तुम्हाला राग येतच नाही म्हणता. शेवटचा कधी आला होता?”

पोरगा म्हणाला, “परवा. ही चाचणी भरताना. मामांचा.”

मग त्याने काय काय झालं ते सांगितलं. बाईंनी दुसऱ्या भागाची लिंक पुन्हा पाठवली आणि बजावलं, गेल्या वर्षभरात कॉलेजात, कामावर जसे वागलात तसंच भरा, एका विधानावर घुटमळू नका. शब्द कळला नाही तर मराठी प्रत मागा, ती आहे. या वेळी माणसांची आवड कमी आणि बारकाव्यांची चिकाटी जास्त आली. हप्ते वसूल करत दारोदार फिरायची जागा त्याच्या हातून गेली. कर्जाची कागदपत्रं तपासायच्या टेबलावर त्याला घेतलं.

तात्या या नोकरीचं श्रेय घेतात, आणि मामांचं नाव निघालं म्हणून काम झालं, या अर्थाने ते खोटंही नाही. दिवाळीत मी त्यांना सरावाची एक प्रत भरायला दिली. चष्मा लावून ते निमूट भरत होते. ‘न विचारता सल्ला देण्याची मला सवय आहे’ इथे आले, ‘पूर्ण असहमत’वर ठसठशीत खूण केली आणि मग हे वाक्य मुळात कसं लिहायला हवं होतं, ते मला पाऊण तास समजावून सांगितलं.